दोन रेषांचे कोनदुभाजक: समीकरणे कशी काढायची आणि कोणते कुठल्या कोनाचे हे कसे ओळखायचे

दोन रेषा एकमेकींना छेदल्या की छेदनबिंदूपाशी चार कोन तयार होतात. त्यांतले समोरासमोरचे कोन सारखे असतात आणि त्या दोघांना मिळून एकच रेषा दुभागते. म्हणून कोन चार असले तरी दुभाजक दोनच. त्यांची समीकरणे काढायला सूत्र आहे आणि ते सहसा कोणाला जड जात नाही. गाडी अडते ती त्यानंतर. उदाहरणात विचारलेले असते, ‘लघुकोनाचा दुभाजक काढा’ किंवा ‘आरंभबिंदू ज्या कोनात आहे त्याचा दुभाजक काढा’ किंवा ‘त्रिकोणाच्या शिरोबिंदूपाशी असलेला अंतर्दुभाजक काढा’. हातात दोन उत्तरे असतात आणि त्यांतले कुठले उचलायचे ते कळत नाही.

या तिन्ही प्रश्नांसाठी बहुधा तीन वेगळे नियम पाठ केले जातात, आणि परीक्षेच्या वेळी नेमकी त्यांचीच सरमिसळ होते. खरे तर तिन्हींच्या मुळाशी एकच कसोटी आहे: हव्या असलेल्या कोनातला एक बिंदू घ्या आणि दोन्ही समीकरणांत त्याची चिन्हे पाहा. ही कसोटी कुठून येते ते समजले की नियम पाठ करावे लागत नाहीत. संपूर्ण लेखात आपण रेषांची एकच जोडी वापरू:

L1: 3x + 4y − 10 = 0
L2: 5x − 12y + 2 = 0

या (2, 1) या बिंदूत छेदतात. दोन्हींत किंमत घालून पाहा: 6 + 4 − 10 = 0 आणि 10 − 12 + 2 = 0.

आधी समीकरणे काढू

कोनदुभाजकावरचा प्रत्येक बिंदू कोनाच्या दोन्ही भुजांपासून सारख्या अंतरावर असतो. हा भूमितीतला गुणधर्मच आपल्याला समीकरण देतो. (x, y) या बिंदूचे L1 पासूनचे लंब अंतर म्हणजे 3x + 4y − 10 या राशीचे केवल मूल्य भागिले √(3² + 4²), म्हणजे भागिले 5. L2 साठी भाजक √(5² + 12²), म्हणजे 13. दोन्ही अंतरे सारखी ठेवली की:

|3x + 4y − 10| / 5 = |5x − 12y + 2| / 13

दोन संख्यांची केवल मूल्ये सारखी असतील तर एक तर त्या संख्याच सारख्या असतात, नाही तर एक दुसरीची विरुद्ध संख्या असते. केवल मूल्याच्या रेघा काढून टाकताना जे ± येते ते इथून येते:

(3x + 4y − 10) / 5 = ± (5x − 12y + 2) / 13

आधी + घेऊ. तिरकस गुणाकार केला की 39x + 52y − 130 = 25x − 60y + 10. सगळे एका बाजूला आणले की 14x + 112y − 140 = 0, आणि 14 ने भागले की

x + 8y − 10 = 0

आता − घेऊ. 39x + 52y − 130 = −25x + 60y − 10. यातून 64x − 8y − 120 = 0, आणि 8 ने भागले की

8x − y − 15 = 0

इथे क्षणभर थांबा आणि कोणत्या चिन्हातून कुठले समीकरण आले ते कागदावर लिहून ठेवा. x + 8y − 10 = 0 हा ‘अधिकवाला’ आणि 8x − y − 15 = 0 हा ‘उणेवाला’. सोपे रूप दिल्यावर समीकरणाकडे नुसते बघून तो कुठल्या चिन्हातून आला ते ओळखता येत नाही, आणि पुढचे सगळे काम त्या चिन्हावरच उभे आहे.

उत्तर तपासायचे कसे

नामकरणाकडे वळण्याआधी समीकरणे बरोबर आहेत का ते पाहून घेतलेले बरे. बरेच जण दुभाजक छेदनबिंदूतून जातो का तेवढे बघतात. (2, 1) घातला तर 2 + 8 − 10 = 0 आणि 16 − 1 − 15 = 0. दोन्ही बरोबर. पण या तपासणीवर विसंबू नका, कारण सर्वांत जास्त होणारी चूक तिच्यातून निसटते.

ती चूक म्हणजे 5 आणि 13 ने भागायचे विसरणे. समजा, कोणी नुसतेच 3x + 4y − 10 = ±(5x − 12y + 2) असे लिहिले. + घेऊन x − 8y + 6 = 0 मिळेल आणि − घेऊन x − y − 1 = 0. दोन्हींत (2, 1) घालून बघा. दोन्ही शून्य होतात! त्यात नवल नाही. छेदनबिंदूपाशी दोन्ही राशी मुळातच शून्य असतात, त्यामुळे त्यांना कशानेही गुणले वा भागले तरी मिळणारी रेषा त्या बिंदूतून जाणारच. म्हणजे छेदनबिंदूची तपासणी बेरीज-वजाबाकीतला घोळ पकडते, पण भाजक गाळल्याचे तिला कळत नाही.

ते पकडणारी तपासणी लंबाची आहे. लगतच्या दोन कोनांची बेरीज 180° असते, त्यामुळे त्यांच्या निम्म्यांची बेरीज 90° होते आणि दोन्ही दुभाजक एकमेकांना नेहमीच लंब असतात. आपल्या दुभाजकांचे चढ −1/8 आणि 8, त्यांचा गुणाकार −1. बरोबर. चुकीच्या जोडीचे चढ 1/8 आणि 1, गुणाकार 1/8. इथे चूक उघडी पडली. ही तपासणी एका ओळीत होते, म्हणून ती कधीच टाळू नका.

मन अगदी निःशंक करायचे असेल तर दुभाजकावरचा एक सोयीचा बिंदू घेऊन अंतरेच मोजा. x + 8y − 10 = 0 वर (10, 0) आहे. L1 ची राशी 30 − 10 = 20, अंतर 20/5 = 4. L2 ची राशी 50 + 2 = 52, अंतर 52/13 = 4. दोन्ही अंतरे सारखी. 8x − y − 15 = 0 वर (3, 9) घेतला तर L1 ची राशी 35, अंतर 7. L2 ची राशी 15 − 108 + 2 = −91, अंतर पुन्हा 7.

या दोन बिंदूंत एक फरक आहे आणि तो निसटू देऊ नका. (10, 0) पाशी राशींच्या किंमती 20 आणि 52, दोन्ही धन. (3, 9) पाशी 35 आणि −91, एक धन आणि एक ऋण. पुढची सगळी ओळखपरेड या फरकावर चालते.

चिन्ह काय सांगते

कोणतीही रेषा प्रतलाचे दोन भाग करते. रेषेच्या एका बाजूला असलेल्या सगळ्या बिंदूंसाठी तिच्या राशीची किंमत धन येते, दुसऱ्या बाजूला ऋण आणि रेषेवर शून्य. L1 आणि L2 मिळून प्रतलाचे चार भाग करतात, आणि हे चार भाग म्हणजेच आपले चार कोन. प्रत्येक कोनाला चिन्हांची एक जोडी मिळते: (+, +), (+, −), (−, −), (−, +). (+, +) च्या अगदी समोर (−, −) असतो, कारण छेदनबिंदू ओलांडून पलीकडे गेले की दोन्ही चिन्हे उलटतात. तसेच (+, −) च्या समोर (−, +).

आता अधिकवाल्या दुभाजकाचे समीकरण पुन्हा वाचा: एक राशी भागिले 5 बरोबर दुसरी राशी भागिले 13. भाजक दोन्ही धन आहेत. तेव्हा हे समीकरण ज्या बिंदूसाठी खरे ठरते तिथे दोन्ही राशींचे चिन्ह सारखेच असले पाहिजे. म्हणजे अधिकवाला दुभाजक (+, +) आणि (−, −) या समोरासमोरच्या कोनांतूनच जातो. उणेवाला उरलेल्या दोन कोनांतून जातो, जिथे चिन्हे वेगळी असतात.

यातून कामाची रीत मिळते. ज्या कोनाचा दुभाजक हवा त्या कोनातला कुठलाही एक बिंदू घ्या. तो दोन्ही राशींत घाला. चिन्हे सारखी आली तर अधिकवाला दुभाजक तुमचा, वेगळी आली तर उणेवाला. बिंदू दुभाजकावर असण्याची गरज नाही, तो त्या कोनाच्या आत असला की पुरे. प्रश्न कसाही विचारलेला असो, आपले काम एवढेच उरते: त्या कोनातला एक बिंदू शोधायचा.

आरंभबिंदू असलेला कोन

इथे बिंदू शोधावाही लागत नाही, तो दिलेलाच आहे. (0, 0) घातला की L1 ची राशी −10 आणि L2 ची राशी +2. चिन्हे वेगळी, म्हणून आरंभबिंदू असलेल्या कोनाचा दुभाजक उणेवाला: 8x − y − 15 = 0.

‘आधी दोन्ही स्थिरपदे धन करा आणि मग + चिन्ह घ्या’ हा नियम तुम्ही वाचला असेल. तो बरोबर आहे, आणि आता त्याचे कारणही दिसते. आरंभबिंदूपाशी राशीची किंमत म्हणजे तिचे स्थिरपद. दोन्ही स्थिरपदे धन केली की आरंभबिंदूपाशीची चिन्हे सारखी होतात, म्हणून + चालते. आपल्या L1 ला −1 ने गुणून −3x − 4y + 10 = 0 असे लिहिले आणि + घेतले तर 13(−3x − 4y + 10) = 5(5x − 12y + 2), म्हणजे 64x − 8y − 120 = 0. तीच 8x − y − 15 = 0 ही रेषा पुन्हा मिळाली.

घोटाळा होतो तो नियमाचा पहिला अर्धा भाग विसरल्यावर. स्थिरपदे −10 आणि +2 तशीच ठेवून कोणी + घेतले तर x + 8y − 10 = 0 हे उत्तर येते, आणि ते समोरच्या नव्हे, शेजारच्या कोनाचे असते. बिंदू घालून चिन्हे पाहण्याच्या रीतीत स्थिरपदाला हात लावावा लागत नाही, म्हणून मला ती अधिक भरवशाची वाटते. एक पथ्य मात्र पाळायचे. एखाद्या समीकरणाला मध्येच −1 ने गुणले तर अधिकवाला आणि उणेवाला यांची अदलाबदल होते. म्हणून दुभाजक काढताना समीकरणे ज्या रूपात लिहिली, चिन्हे तपासतानाही ती त्याच रूपात ठेवा.

रेषांपैकी एक जरी आरंभबिंदूतून जात असेल तर तिचे स्थिरपद शून्य असते आणि आरंभबिंदू कुठल्याच कोनाच्या आत नसतो, तो भुजेवर असतो. अशा वेळी ‘आरंभबिंदू असलेला कोन’ या शब्दांना अर्थ उरत नाही.

लघुकोन की विशालकोन

हा भाग सर्वांत अवघड समजला जातो. याचा नियम असा: रेषांमधले x चे सहगुणक a1, a2 आणि y चे सहगुणक b1, b2 घेऊन a1·a2 + b1·b2 ही किंमत काढा. ती ऋण असेल तर अधिकवाला दुभाजक लघुकोनाचा, धन असेल तर अधिकवाला विशालकोनाचा. नियम छोटा आहे, पण धन-ऋण उलटे लक्षात राहण्याचा धोका मोठा. तो का खरा आहे ते एकदा पाहिले की हा धोका जातो, म्हणून इथे थोडा वेळ देऊ.

आपल्याला विशालकोनाच्या आतला एक बिंदू खात्रीने शोधायचा आहे. छेदनबिंदूपाशी L1 ला एक लंब उभा करा. हा लंब L1 च्या दोन्ही बाजूच्या भुजांशी 90° चा कोन करतो. लंबाच्या बाजूला L1 च्या वर एक लघुकोन आणि एक विशालकोन शेजारी शेजारी आहेत. L1 च्या एका भुजेपासून निघून 90° फिरले की लघुकोन केव्हाच ओलांडला जातो, कारण तो 90° पेक्षा लहान आहे. दुसऱ्या भुजेकडून 90° फिरले तर विशालकोन अजून संपलेला नसतो. म्हणून लंब नेहमी विशालकोनाच्या आतच पडतो.

हा लंब कुठल्या दिशेने जातो तेही समीकरणातच लिहिलेले असते. x आणि y चे सहगुणक, म्हणजे L1 साठी (3, 4), हीच L1 ला लंब असलेली दिशा. छेदनबिंदूपासून त्या दिशेने जाऊ: (2 + 3, 1 + 4) = (5, 5). हा बिंदू विशालकोनात आहे याची खात्री झाली. आता नेहमीची कसोटी लावा. L1 ची राशी 15 + 20 − 10 = 25. L2 ची राशी 25 − 60 + 2 = −33. चिन्हे वेगळी, म्हणून विशालकोनाचा दुभाजक उणेवाला, 8x − y − 15 = 0, आणि लघुकोनाचा x + 8y − 10 = 0.

ते −33 पुन्हा पाहा. a1·a2 + b1·b2 काढले तर 3·5 + 4·(−12) = 15 − 48 = −33. तीच संख्या! पाठ केलेला नियम म्हणजे लंबावरच्या बिंदूपाशी L2 च्या राशीची किंमतच आहे. L1 ची किंमत तिथे a1² + b1² असते, म्हणजे कायम धन, म्हणून फक्त दुसरीचे चिन्ह बघावे लागते. नियम वापरा किंवा प्रत्यक्ष बिंदू घ्या, काम एकच आहे. नियम वापरताना छेदनबिंदू काढावा लागत नाही, एवढा त्याचा फायदा.

उलटतपासणी स्वतंत्र वाटेने करता येते. लघुकोनाचा दुभाजक भुजेशी 45° पेक्षा लहान कोन करतो, म्हणून त्या कोनाचा टॅन्जंट 1 पेक्षा कमी असायला हवा. L2 चा चढ 5/12 आणि x + 8y − 10 = 0 चा चढ −1/8. त्यांमधील कोनाचा टॅन्जंट (5/12 + 1/8) / (1 − 5/96), म्हणजे 13/24 भागिले 91/96, म्हणजे 4/7. तो 1 पेक्षा कमी आहे. दुसऱ्या दुभाजकासाठी हेच गणित 7/4 देते.

किंमत शून्य आली तर? मग L1 वरचा लंब म्हणजे L2 च असते. रेषा एकमेकींना लंब आहेत, चारही कोन काटकोन आहेत, आणि लघुकोनाचा दुभाजक कोणता हा प्रश्नच उरत नाही. दुभाजक तेव्हाही दोन असतात, पण त्यांना वेगळे ओळखायला कोनातला एखादा बिंदू दिलेला असावा लागतो.

रेषा जोडसमीकरणाच्या रूपात असतील तरी ही ओळख आपोआप मिळत नाही. आपल्याच रेषांना समांतर, पण आरंभबिंदूतून जाणारी जोडी घेतली तर (3x + 4y)(5x − 12y) = 0, म्हणजे 15x² − 16xy − 48y² = 0. ax² + 2hxy + by² = 0 या जोडीच्या दुभाजकांचे सूत्र (x² − y²)/(a − b) = xy/h असे आहे. त्यातून 8x² + 63xy − 8y² = 0 मिळते, आणि त्याचे अवयव (x + 8y)(8x − y). दुभाजकांच्या दिशा त्याच, पण दोन्ही एकाच समीकरणात बांधलेले आणि ± चे चिन्ह पुसले गेलेले. इथे टॅन्जंटची तपासणीच उपयोगी पडते.

त्रिकोणाचा अंतर्दुभाजक

त्रिकोणाच्या उदाहरणात एक समज फार पसरलेला दिसतो: अंतर्दुभाजक म्हणजे लघुकोनाचा दुभाजक. तो चुकीचा आहे, कारण त्रिकोणाचा कोन विशालही असू शकतो. आपल्याच दोन रेषांवर दोन त्रिकोण उभे करून हे पाहू.

पहिल्या त्रिकोणात A(2, 1), B(6, −2), C(14, 6). B हा L1 वर आहे आणि C हा L2 वर. A पाशी असलेल्या कोनाच्या आतला बिंदू हवा असेल तर BC चा मध्यबिंदू घ्या, तो नेहमी कोनाच्या आतच असतो. इथे तो (10, 2). L1 ची राशी 30 + 8 − 10 = 28, L2 ची राशी 50 − 24 + 2 = 28. चिन्हे सारखी, म्हणून अंतर्दुभाजक अधिकवाला: x + 8y − 10 = 0. दोन्ही किंमती 28 आल्या म्हणून हा बिंदू दुभाजकावर आहे असे मात्र समजू नका. अंतरे 28/5 आणि 28/13 आहेत, ती सारखी नाहीत. आपण इथे फक्त चिन्हे पाहतो आहोत.

आता C तोच ठेवा आणि B च्या जागी D(−2, 4) घ्या. −6 + 16 − 10 = 0, म्हणजे D सुद्धा L1 वरच आहे, फक्त A च्या दुसऱ्या बाजूला. रेषा त्याच, शिरोबिंदू तोच, दुभाजकांची समीकरणेही तीच. पण DC चा मध्यबिंदू (6, 5). L1 ची राशी 18 + 20 − 10 = 28, L2 ची राशी 30 − 60 + 2 = −28. चिन्हे वेगळी, म्हणून त्रिकोण ADC चा A पाशी असलेला अंतर्दुभाजक 8x − y − 15 = 0, आणि तो विशालकोनाचा दुभाजक आहे.

उत्तर ताडून पाहायला दुसरी वाटही आहे. अंतर्दुभाजक समोरच्या बाजूला छेदून जातो, त्यामुळे उरलेले दोन शिरोबिंदू त्याच्या दोन बाजूंना पडतात. 8x − y − 15 मध्ये D घातला तर −16 − 4 − 15 = −35, C घातला तर 112 − 6 − 15 = 91. चिन्हे वेगळी, म्हणजे अंतर्दुभाजक हाच. x + 8y − 10 मध्ये D साठी 20 आणि C साठी 52 येते. दोघे एकाच बाजूला, म्हणून या त्रिकोणात तो बहिर्दुभाजक ठरतो.